बंड्याचं खातं

"ताई, मांजरासाठी वेगळे पैसे ठेवता म्हणे. किती ठेवायचे? आणि त्यापेक्षा सरळ इन्शुरन्स काढलेला बरा नाही का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. किती ठेवायचे ते बंड्याने ठरवलं. तो आमचा पाच वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. आम्ही ठाण्यात मानपाड्याला अकराव्या मजल्यावर राहतो.

एका शनिवारी संध्याकाळी तो लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, बाहेर येऊन मागची बाजू चाटायचा आणि पाच मिनिटांत परत आत जायचा. मला वाटलं, शौचाला होत नसेल. रात्री ट्रे साफ करताना लघवीचा एकही ओला गोळा सापडला नाही, तेव्हा छातीत धस्स झालं. एरवी दिवसाला तीन गोळे निघतात. त्याची लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. खड्यांची बारीक रेती आणि चिकट स्राव यांचा बोळा तिथे अडकतो. भाटीला हे क्वचितच होतं. लघवी बाहेर पडली नाही की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं, तर उरलेला वेळ तासांत मोजायचा. म्हणून घरात बोका असेल तर ट्रेमधले गोळे रोज मोजा. त्याला काहीच खर्च नाही.

रात्री साडेअकराला आम्ही घोडबंदर रोडवरून रिक्षाने निघालो. दवाखान्यात आधी डिपॉझिट मागितलं. ती रात्र आणि पुढचे तीन दिवस मिळून बिल असं झालं: रात्रीची तपासणी १,५००, रक्ताच्या चाचण्या २,२००, सोनोग्राफी १,८००, गुंगी देऊन नळी घालणं ६,५००, तीन दिवस ॲडमिट ९,०००, सलाईन आणि औषधं २,५००. एकूण २३,५०० रुपये. एकोणीस दिवसांनी पुन्हा तुंबलं. पहिल्यांदा झाल्यावर असं परत होणं नेहमीचंच आहे, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्या वेळी १४,००० लागले. म्हणजे महिन्याभरात ३७,५००. तिसऱ्यांदा झालं तर मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल असं ठरलं होतं. तिचा वेगळा अंदाज काढून घेतला होता, सुदैवाने ती वेळ आली नाही. ओलं खाणं आणि जास्त पाणी यांवर तो आता ठीक आहे.

त्यावरून मी आकडा ठरवला: ६०,०००. दोनदा ॲडमिट करावं लागलं तरी पुरून उरेल आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर निदान सुरुवात करता येईल, एवढा. तुमच्या दवाखान्याचे दर वेगळे असतील, म्हणून माझा आकडा उचलू नका. मांजर धडधाकट असताना एकदा डॉक्टरांना विचारून या: बोक्याची लघवी तुंबली तर तुमच्याकडे साधारण किती होतील, रात्री ठेवून घेता का, नाहीतर कुठे पाठवता? जे उत्तर मिळेल त्याच्या दुप्पट-अडीचपट तुमचा आकडा.

आमच्या दिवाळीच्या बोनसमधले १५,००० मी सुरुवातीलाच टाकले आणि पुढे दर महिन्याच्या ५ तारखेला २,५०० आपोआप वळते केले. दीड वर्षात ६०,००० झाले. ते वेगळ्या बचत खात्यात आहेत, मुदत ठेवीत नाहीत. व्याज थोडं कमी मिळतं, पण रविवारी पहाटे दोनला पैसे हातात हवेत. खातं आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि दोघांच्याही फोनवर यूपीआय चालू आहे. फोन बदलला की पहिल्या दिवशी यूपीआयची मर्यादा खूप खाली येते, म्हणून त्या खात्याचं डेबिट कार्डही मांजराच्या पेटीच्या कप्प्यात ठेवलंय. लस, जंतांचं औषध, खाणं, लिटर यांतलं काहीही या खात्यातून जात नाही. ते घरखर्चात. नाहीतर मेपर्यंत खातं रिकामं होतं, हे माझ्या बहिणीच्या घरी पाहिलंय.

आता इन्शुरन्स. कुत्र्यांसाठी पर्याय जास्त आहेत, मांजरांसाठी मोजकेच. मला एक पॉलिसी दाखवली होती, वर्षाला ४,२०० हप्त्याची. माहितीपत्रक वाचून काही कळत नाही. मी बंड्याचं बिलच त्या पॉलिसीच्या अटींमधून ओळीओळीने काढलं. ॲडमिट करण्याआधीची तपासणी आणि चाचण्या त्यांच्या हिशेबात धरत नव्हते, म्हणजे ५,५०० बाहेर. उरले १८,०००, त्यातले २० टक्के आपण भरायचे. हातात येणार १४,४००. त्याच वर्षी तोच आजार परत झाला तर एका आजारासाठी वर्षाला २०,००० ची मर्यादा होती, म्हणजे दुसऱ्या खेपेला फक्त ५,६००. एकूण ३७,५०० पैकी २०,००० मिळाले असते. १७,५०० खिशातून गेले असते, वर हप्ता. आणि महत्त्वाचं म्हणजे, काउंटरवर सगळे पैसे आधी आपणच भरायचे आणि मग कागद पाठवून मागायचे. म्हणजे इन्शुरन्स असला तरी त्या रात्रीसाठी खात्यात पैसे लागतातच.

तरीही २०,००० म्हणजे थोडे नाहीत. बंड्या निरोगी होता तेव्हा पॉलिसी घेतली असती आणि सुरुवातीचा प्रतीक्षा काळ संपलेला असता, तर त्या वर्षी ती नक्कीच कामी आली असती. मी विचारायला गेले तेव्हा मात्र त्याच्या कागदांवर मूत्रमार्गाचा आजार लिहिलेला होता, आणि आधीपासून असलेला आजार त्यात धरत नव्हते. ज्या एका गोष्टीची मला भीती होती, तीच वगळून बाकी सगळ्याचा हप्ता भरण्यात अर्थ नव्हता. ते ४,२०० मी दरवर्षी खात्यातच टाकते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींना मी उलट सल्ला दिला. त्यांचं पिल्लू सात महिन्यांचं, कसलाही आजार नाही, आणि खात्यात अजून ५,००० सुद्धा नाहीत. पैसे साठेपर्यंतची दोन वर्षं हाच त्यांचा धोक्याचा काळ. उंचावरून पडून हाड मोडलं तर बिल बंड्याच्या बिलाच्या वर जाईल. त्यांनी पॉलिसी घ्यावी आणि सोबत खातंही सुरू करावं. पण सही करण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं लेखी घ्यावीत: अपघात पहिल्या दिवसापासून धरतात का, यंदा झालेला आजार नूतनीकरणाच्या वेळी 'आधीपासूनचा' ठरतो का, आणि दाव्यासाठी लसीकरणाचं कार्ड, मांजराचे फोटो की मायक्रोचिप, नेमकं काय लागतं. आणि बाल्कनीची जाळी आधी बघा, वहिनी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने कुजते, नखांनी तुटते.

पैसे अगदीच नसतील आणि मांजराची लघवी तुंबली असेल, तर घरी वाट बघत बसू नका. परळचं बैलघोडा हॉस्पिटल धर्मादाय आहे. ठाण्याहून लांब पडतं, म्हणून निघण्याआधी फोन करून मांजर लगेच घेतील का ते विचारा. जवळच्या डॉक्टरांनी निदान मूत्राशय रिकामं करून दिलं, तरी तेवढ्यात पुढची सोय करायला वेळ मिळतो.

बंड्याच्या दुसऱ्या खेपेनंतर आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. आज खात्यात साठ हजार पूर्ण आहेत.