गॅदरिंगचे फोटो आणि त्याखालची भांडणं

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं फेसबुक पेज आता बंद करतोय. चालवणारे आम्ही दोघंच उरलोय. मग जायच्या आधी सगळे अल्बम परत चाळले आणि काय सांगू, दरवर्षीची गॅदरिंग डोळ्यापुढून गेली, ऐन वेळी बंद पडणारा माईक, विंगेतून नटापेक्षा मोठ्याने ऐकू येणारा प्रॉम्प्टर, आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेत बाकावर उभं राहायला चाललेली ढकलाढकली.

पण खरा खजिना फोटोंच्या खाली आहे हो, कमेंटमध्ये! नाटकाच्या एका फोटोखाली वीसेक जणांचा वाद आहे, राजाच्या वेशातला कोण आणि साल कुठलं. एक म्हणतो 1993, दुसरी म्हणते 1994, शेवटी कुणीतरी मागचा बॅनर झूम करून वाचला, त्यावर मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा उल्लेख, म्हणजे 1994 नक्की. नुसता फोटो सेव्ह केला असता तर हे सगळं गेलं असतं, कारण कागदी फोटो स्कॅन करून 2013 साली चढवलेला, त्यामुळे त्यावर तारीख दिसते ती 2013 ची. डाउनलोड केल्यावर फाइलचं नावही नुसते लांबलचक आकडे. म्हणून आम्ही नावं बदलत बसलोय, `1994_gathering_natak_03.jpg` अशी, आणि सोबत एका शीटमध्ये तेच फाइलचं नाव, डावीकडून उजवीकडे कोण कोण, आणि हे कुणी सांगितलं. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, उगाच ठोकून द्यायचं नाही.

सेटिंगमधून पेजची कॉपी मागवताना क्वालिटी हाय निवडायची आणि तारखा सगळ्या काळाच्या, नाहीतर अर्धंच येतं. फॉरमॅट HTML घ्या, ब्राउझरमध्ये कुणालाही उघडता येतो. दुसऱ्यांच्या कमेंट त्यात येतीलच असं धरू नका, महत्त्वाच्या असतील त्यांचे स्क्रीनशॉट काढायचे, कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही. आणि लोकांनी आपापल्या अकाउंटवरून टाकलेले फोटो आपल्या झिपमध्ये नाहीत असंच समजायचं, ते त्यांच्याकडूनच मागायचे. तेही ओरिजिनल मागा, चढवताना फोटो लहान होतो, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मागच्या रांगेतले चेहरे यातच वाचतात किंवा पुसट होतात.

झिप आली म्हणजे झालं असंही नाही. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येक अल्बममधले फोटो पेजवरच्या आकड्याशी जुळवायचे, मग दोन घरी दोन हार्ड डिस्कवर कॉपी, मगच डिलीट. त्यानंतरही विचार बदलायला 30 दिवस मिळतात. 1994 च्या त्या राजाचं नाव मात्र अजून ठरलेलं नाही, दोघं जण तो मीच म्हणतायत, शीटमध्ये दोघांचीही नावं टाकलीयत.