'सगळे विधी, सगळे नातेवाईक'

लेकीच्या लग्नाचा फोटोग्राफर ठरला तेव्हा तो म्हणाला, "काका, काय काय हवंय ते लिहून पाठवा." मी पाठवलं, 'सगळे विधी, सगळे नातेवाईक.' बायकोनं ते वाचलं. "वाण्याला 'सगळा किराणा' असं लिहून देतोस का?"

मग रात्री बसलो. अंतरपाट, सप्तपदी त्याला न सांगता कळतात. अडचण डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपणाऱ्या गोष्टींची. कानपिळी म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. पण आमच्या लेकीला सख्खा भाऊ नाही, कान मावसभाऊ पिळणार, हे त्याला कुठून कळणार? म्हणून लिहिलं, 'लाजाहोमाला हिरव्या कुर्त्यातला मुलगा पुढे आला की तुम्ही समोर, नवरदेवाचा चेहरा दिसेल असे.' सूनमुखाला आरशात सासू आणि सून दोघी दिसायला हव्यात, हेही लिहिलं. नाहीतर फोटोत फोटोग्राफरच दिसतो.

कौटुंबिक फोटोंचे गट काढले तर चौतीस भरले. एका गटाला तीन मिनिटं धरली तरी पावणेदोन तास; म्हणजे पंगतीवर पाणी. कापत कापत सोळावर आलो. आजी पहिली, कारण तिला फार वेळ उभं राहवत नाही. त्यानंतर अख्खं माहेर, मग एकेक शाखा गळत शेवटी आम्ही तिघं, म्हणजे एकदा सुटलेल्याला पुन्हा शोधायला नको. दोन्हीकडून खणखणीत आवाजाचा एकेक माणूस हाका मारायला नेमला. यादीच्या तळाशी, 'थोरले काका आणि धाकटे काका शेजारी नकोत.' कारण लिहिलं नाही. त्यानं विचारलंही नाही. लग्नंच काढतो तो.

ओव्हरटाइमचा मजकूर मात्र दोनदा बदलला. सकाळी सात ते दुपारी तीन ठरलेलं, पुढे माणशी अर्ध्या तासाला हजार. माणसं दोन. पाठवणी तीन चाळीसला झाली तर? सुरू झालेला अर्धा तास पूर्ण धरायचा, म्हणजे चार हजार. शिवाय 'अजून थांबा' म्हणायचा हक्क फक्त माझा, असंही घातलं. नाहीतर कोणी मामा 'अजून एक काढ रे' म्हणत राहतो आणि बिल माझ्या नावावर चढतं. तो स्वतः उशिरा आला तर ती वेळ धरायची नाही, हे त्यानं निमूट मान्य केलं.

अल्बम 'दीड महिन्यात' असं त्यानं लिहिलं होतं. बायको म्हणाली, कधीपासून? लग्नापासून नव्हे, आम्ही फोटो निवडून दिल्यापासून, असं निघालं. तसंच लिहून घेतलं, शेवटचा हप्ताही अल्बम हातात आल्यावर.

लग्नाला चार महिने झाले. एकवीस दिवसांत एकोणीसशे फोटो त्यानं चोख दिले. त्यातले एकशेवीस निवडायचेत. मायलेकींचं आजवर त्रेचाळीसवर एकमत झालंय, आणि त्याचा दीड महिना अजून सुरूच झालेला नाही.