आधी पेटी भरा, मग वीट पाडा

"भाऊ, आमच्याकडे खणाल तिथं काळीच माती. तिच्या दाबलेल्या विटांची शाळा टिकेल का?"

नुसत्या काळीची नाही टिकणार. तोंडी सांगून हे पटत नाही, म्हणून मी सुताराकडून आधी एक पेटी करून घेतो. आतून 60 सेंटिमीटर लांब, 4 रुंद, 4 खोल. आत तेल चोळायचं, लोण्यासारखी भिजवलेली माती दाबून भरायची नि आठवडाभर सावलीत ठेवायची. वाळली की तुकडे एका टोकाला सरकवून उरलेली फट मोजायची.

गिरणाकाठच्या एका दोन खोल्यांच्या शाळेसाठी शेतातली काळी भरली, तर 7 सेंटिमीटर फट पडली आणि पट्टी मधे धनुष्यासारखी उचलली. कपाशीसाठी पाणी धरून ठेवणारी हीच माती भिंतीत फुगते नि आकसते. मग टेकडीचा मुरूम भरला. फट जेमतेम 3 मिलिमीटर. सगळे खूश, मी सोडून. चिकण इतकी कमी की वीट उचलताच कोपरे गळत होते.

शेवटी सहा घमेली चाळलेला मुरूम आणि एक घमेलं काळी, असं जमलं. फट 16 मिलिमीटर. एवढ्या फटीला शंभर किलो सुक्या मातीमागे 6 किलो सिमेंट धरलं. काळीला सिमेंट नीट धरत नाही, म्हणून ती कुटून, चाळून, तिच्यात आदल्या दिवशीच थोडा चुना कालवून ठेवला. ढेकूळ तसंच राहिलं तर पावसाळ्यात विटेत तिथंच खड्डा पडतो.

पाणी किती, ते मूठच सांगते. गोळा करून छातीच्या उंचीवरून टाकायचा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर कोरडं, गोळा तसाच राहिला तर ओलं.

चूक माझ्याकडूनही झाली. सिमेंट कालवलेला ढीग ठेवून आम्ही जेवायला बसलो. तासाभरानं पाडलेल्या विटा दिसायला सारख्याच होत्या. 28 दिवस गोणपाटाखाली ओल्या ठेवून नंतर दिवसभर बादलीत बुडवल्या, तेव्हा खिळ्यानं ओरखडल्यावर लोण्यासारख्या निघाल्या. तेव्हापासून अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवतो. आमच्या मे महिन्यात तर गोणपाटावर प्लास्टिकही लागतं.

ओसरीची एक भिंत विटांऐवजी साच्यात धुमसून उभी केली. माल जवळपास तोच, फक्त जरा भरड. हातभर थर टाकायचा मोह होतो. सैल माती 15 सेंटिमीटरहून जास्त टाकू नका, नाहीतर तळ पोकळ राहतो. धुमसाचा आवाज बदबद येतो तोवर थांबायचं नाही, ठणठणीत आला की पुढचा थर.

पाया मात्र काळी काढून मुरमापर्यंत न्या. तिथं आमचा सगळ्यात जास्त खर्च झाला, विटांवर नाही.