लीडच्या कमेंटचा रिव्ह्यू होताना

मार्च लागला की आमच्याकडे अप्रेझलचे फॉर्म उघडतात. पुण्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत असतं तसंच. आधी प्रत्येक जण आपलं आपण भरतो, मग टीम लीड कमेंट आणि एक ते पाचमधलं रेटिंग देतो, मग ते मॅनेजर म्हणून माझ्याकडे येतं. माझ्यानंतर कॅलिब्रेशनची मीटिंग. तिथे सगळे मॅनेजर बसून कोणाचं रेटिंग टिकतंय आणि कोणाचं खाली येतंय ते ठरवतात.

यंदा एका टीमचा लीड नवीन होता. कामाला वाघ, पण फॉर्म भरायचा म्हटलं की अंगावर काटा. शेवटच्या दिवशी त्याने मला चॅटवरच सगळ्यांबद्दल एकेक ओळ पाठवली आणि खाली लिहिलं, "तू जरा नीट भाषेत बसवून टाक ना." त्यातल्या काही ओळी अशा होत्या:

"काम येतं, पण भरवसा नाही. डेडलाइनच्या दिवशी बॉम्ब टाकतो."
"टेस्टिंगवाली भांडखोर आहे. अ‍ॅटिट्यूड."
"रॉकस्टार. असाच राहा."
"बाळ झाल्यापासून लक्ष नाही."

नीट भाषेत बसवणं मला दहा मिनिटांत जमलं असतं. "भरवसा नाही"चं "वेळेच्या नियोजनात सुधारणेस वाव आहे" आणि "भांडखोर"चं "संवादकौशल्य अधिक विकसित करता येईल" करून टाकायचं. अशी वाक्यं मी वर्षानुवर्षं वाचलीत. ती वाचून माणसाला राग येत नाही, पण सोमवारपासून नेमकं काय वेगळं करायचं तेही कळत नाही. माझ्या मते त्यापेक्षा लीडची मूळ कमेंट बरी, निदान ती काहीतरी बघून लिहिलेली असते. ते बघितलेलं काय, हे बाहेर काढायचं होतं. म्हणून मी लीडला दुपारी मीटिंग रूममध्ये बसवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"डेडलाइनच्या दिवशी बॉम्ब टाकतो, म्हणजे कधी टाकला?"
"नेहमीच."
"शेवटचा कधी?"
"अगं, फेब्रुवारीतच नाही का, क्लायंट डेमोच्या सकाळी सांगितलं की पेमेंटचं होणार नाही."

"नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द आले की मी जिरा उघडते, म्हणजे टीमच्या प्रत्येक कामाचं तिकीट ज्यात असतं ते सॉफ्टवेअर. त्या डेव्हलपरची वर्षभराची तिकिटं काढली. बहुतेक सगळी वेळेत बंद झालेली. ठरल्या स्प्रिंटमधून, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यातून, पुढे ढकललेली फक्त तीन, आणि तिन्ही पेमेंट गेटवे जोडण्याच्या कामातली. त्या कामाला समोरच्या कंपनीकडून टेस्टिंगचं अ‍ॅक्सेस मिळायला लागतं आणि ते त्यांच्या सवडीने येतं. म्हणजे अंदाज चुकला म्हणावं, तर तेही बरोबर नव्हतं.

मग एकेका तिकिटाखालच्या नोंदी वाचल्या. पहिल्यात त्याने मंगळवारीच लिहिलं होतं की अ‍ॅक्सेस आलेलं नाही, शुक्रवारपर्यंत अवघड आहे. ती नोंद लीडने पाहिलीच नव्हती. उरलेल्या दोन तिकिटांत मात्र गोष्ट खरी होती. समोरच्या कंपनीचा नकाराचा मेल त्याला बुधवारी आला होता आणि आमच्याकडे तो बोलला शुक्रवारच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये. त्यातल्या एका वेळी टेस्टर दीड दिवस नुसती वाट बघत बसली, दुसऱ्या वेळी क्लायंट डेमोचा क्रम ऐनवेळी बदलावा लागला.

म्हणजे वर्षभराच्या "भरवसा नाही"तून हातात उरलं ते एवढंच: अडथळा कळूनही दोन वेळा दोन दिवस उशिरा सांगितला. एक ढोबळ शेरा होता, त्याची एक नेमकी सवय झाली, आणि ती बदलता येण्यासारखी आहे.

सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची यासाठी एक सोपी पद्धत आहे. कोणत्या परिस्थितीत, माणसाने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला, या क्रमाने सांगायचं. मी त्यात पुढे काय अपेक्षित आहे तेही जोडते. फॉर्म इंग्रजीत असतो, पण मजकूर साधारण असा झाला:

"पेमेंट गेटवेच्या कामात दोन स्प्रिंटमध्ये बाहेरचं अ‍ॅक्सेस मिळत नसल्याचं बुधवारी कळलं होतं, पण ते शुक्रवारी टीमला सांगितलं गेलं. त्यामुळे एकदा टेस्टिंग दीड दिवस थांबलं आणि एकदा डेमोचा क्रम बदलावा लागला. यापुढे अडथळा कळेल त्याच दिवशी तिकीट 'ब्लॉक्ड'मध्ये टाकून टीमच्या चॅटवर लिहावं. लीड रोज सकाळी ब्लॉक्ड तिकिटं पाहील."

शेवटचं वाक्य लीडला खटकलं. "माझं नाव त्याच्या फॉर्ममध्ये कशाला?" मी त्याला मंगळवारची नोंद पुन्हा दाखवली. तिकिटावर लिहिलेलं कोणी वाचतच नाही असं दिसलं की माणूस लिहिणं सोडतो. पुढे तो गप्प राहायला लागला त्याचं तेही एक कारण असू शकतं. वाक्य राहिलं.

मग आकड्यांकडे आलो. या डेव्हलपरला लीडने "वेळेत काम"मध्ये दोन दिले होते, ते समजू शकत होतं. पण "कोडचा दर्जा" यातही दोनच. त्याच्या कोडमधून वर्षभरात प्रॉडक्शनवर आलेले बग काढले, तर टीममध्ये सगळ्यात कमी. एका गोष्टीचा राग दुसऱ्या रकान्यात सांडला होता. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली हेच दाखवलं होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण त्याने तपासले, तर बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले गुणही एकत्रच वर-खाली जात होते. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्या रकान्यांत एकच आकडा दिसला की थांबायचं. लीडने तो दोनाचा चार केला. कुरकुरत का होईना, केला.

टेस्टिंगवालीच्या ओळीला जास्त वेळ लागला, कारण तिथे लीड खरंच दुखावलेला होता. "अ‍ॅटिट्यूड" हा शब्द मी फॉर्ममध्ये जाऊच देत नाही, कारण तो डोळ्यांनी दिसत नाही. दिसतं ते वागणं. "भांडते म्हणजे काय करते?" असं विचारल्यावर दोन गोष्टी निघाल्या. एक, डेव्हलपरने बंद केलेले बग ती पुन्हा उघडते. दुसरी, सगळ्यांसमोर टोमणे मारते.

पहिली गोष्ट तपासली. तिने पुन्हा उघडलेल्या बगांपैकी जवळजवळ सगळे डेव्हलपरनी नंतर मान्य करून दुरुस्त केले होते. म्हणजे ती आपलं काम करत होती, आणि ते लोकांना झोंबत होतं. हा भाग मी उचलून थेट "ठळक कामगिरी"त टाकला. दुसरी गोष्ट मात्र खोटी नव्हती. टीमच्या चॅनेलवर तिचा मेसेज होता: "हे एकदा तरी चालवून पाहिलं होतं का?" त्यावर त्या डेव्हलपरने उत्तरच दिलं नाही आणि बग तसाच पडून राहिला. ते तसंच्या तसं लिहिलं, आणि पुढे अपेक्षा जोडली: बग पुन्हा उघडताना तो कोणत्या पायऱ्यांनी येतो आणि अपेक्षित निकाल काय, एवढंच तिकिटावर लिहावं, कामाच्या पद्धतीबद्दल तक्रार असेल तर ती लीडकडे करावी. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात "पण" घालून बांधल्या नाहीत. बांधल्या की कौतुक वाया जातं आणि टीकाही धूसर होते.

"रॉकस्टार"वर लीडला वाटलं इथे काय करायचंय, चांगलंच तर लिहिलंय. पण कॅलिब्रेशनमध्ये मार खातात ती अशीच माणसं. दुसरा मॅनेजर विचारतो, "केलं काय त्याने?" आणि माझ्या हातात "रॉकस्टार" एवढाच शब्द असतो. खोदल्यावर कळलं की रात्रीचा रिपोर्ट चाळीस मिनिटं चालायचा आणि सकाळच्या कामावर आदळायचा. प्रत्येक ग्राहकासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जात होती. याने ती एका जॉइनमध्ये आणली, एक इंडेक्स टाकला, आणि काम सहा मिनिटांवर आलं. ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याने स्वतःहून हाती घेतलं. एवढं लिहिल्यावर त्याचं रेटिंग मीटिंगमध्ये कोणी हलवलं नाही.

बाळाची ओळ मी सरळ काढून टाकली. विचारलं तेव्हा निघालं एवढंच की ती रात्री आठच्या कॉलला नसते, आणि ते तर तिच्याशी आधीच ठरलेलं होतं. खाली काही नसेल तर वर भाषेचा मुलामा चढवायचा नसतो. तिच्या कामाबद्दल नव्याने लिहायला लीडला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याने जे आणलं ते चांगलं होतं.

सगळं लिहून झाल्यावर एक अडचण उरली. बुधवार-शुक्रवारची गोष्ट त्या डेव्हलपरला वर्षात कोणी समोर बसून सांगितलीच नव्हती. पहिल्यांदा फॉर्ममध्येच वाचायला मिळणं हा अन्याय आहे, मग भाषा कितीही नेटकी असो. म्हणून फॉर्म सबमिट करण्याआधी लीडने त्याच्याशी बोलायचं असं ठरलं. लीड म्हणाला, "आता प्रत्येकाला कोर्टासारखे पुरावे द्यायचे का?" मी म्हटलं, पुरावे राहू दे, दोन तारखा सांग आणि काय झालं ते सांग.

तो चहाला घेऊन गेला आणि सांगितलं. डेव्हलपरने डेमोची गोष्ट लगेच मान्य केली. दुसऱ्या वेळेबद्दल तो म्हणाला की नकाराचा मेल बुधवारी आला खरा, पण संध्याकाळी सात वाजता. त्याने तो पाहिला गुरुवारी सकाळी. मेल काढून पाहिला तर तसंच होतं. फॉर्ममध्ये त्या स्प्रिंटपुरतं "गुरुवारी" केलं, बाकी मजकूर तोच ठेवला आणि पुढे पाठवला.

लीड आता चॅटवर स्वतःलाच मेसेज टाकतो. भाषा तीच राकट, फक्त पुढे तारीख आणि तिकिटाचा नंबर असतो.