आयर्लंडमध्ये कुणाच्या घरी कुणी वारलं तर काय बोलायचं, काय करायचं

इथे ऑफिसमधल्या मैत्रिणीची आई गेली की आपल्या लोकांना पहिला प्रश्न पडतो, बोलावलेलं नाही तर जावं का? जावं, नक्की जावं. आयर्लंडमध्ये अंत्यविधीचं आमंत्रण नसतंच, RIP.ie या निधनाच्या बातम्यांच्या वेबसाइटवर सूचना येते आणि सगळं साधारण दोन-तीन दिवसांत उरकतं म्हणून ती सूचना नीट वाचायची. समजा लिहिलंय गुरुवारी ५ ते ७ फ्युनरल होममध्ये रिपोजिंग म्हणजे अंत्यदर्शन, शुक्रवारी ११ ला चर्चमध्ये मास म्हणजे प्रार्थनाविधी, मग दफन. "हाऊस प्रायव्हेट" असेल तर घरी जायचं नाही, आणि "फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली" असेल तर फुलं न्यायची नाहीत, त्याऐवजी ज्या संस्थेचं नाव दिलंय तिला देणगी द्यायची.

फार जवळची ओळख नसेल तर गुरुवारचं रिपोजिंगच बरं. शवपेटी बहुतेक वेळा उघडी असते आणि घरचे ओळीने बसलेले असतात, आपण रांगेतून एकेकाचा हात हातात घेत "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं. एवढंच म्हणतात सगळे, शेजारीही आणि सरपंचासारखा गावातला मोठा माणूसही. तिच्या भावाला आपण कोण ते माहीत नसतं म्हणून "मी तिच्या ऑफिसातली" हे जोडायचं, आईची एखादी आठवण असेल तर एका वाक्यात सांगायची. कशाने गेल्या, किती दिवस आजारी होत्या हे विचारायचं नाही, मागे रांग असते आणि त्यांनी ते दिवसभर शंभरदा सांगितलेलं असतं. पेटीपाशी क्षणभर थांबून हात जोडले तरी कुणाला खटकत नाही.

मासला मधल्या किंवा मागच्या बाकावर बसा, पुढचे बाक घरच्यांचे. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं, प्रार्थना म्हणता आल्या नाहीत तरी चालतं. मध्येच सगळे एकमेकांशी हात मिळवतात तेव्हा आपणही मिळवायचा. फादर प्रसादासारखी भाकरी देतात त्या कम्युनियनला मात्र रांगेत जाऊ नका, ते कॅथलिकांसाठीच असतं, बाकावर बसून राहिलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही, फक्त बाकीच्यांना बाहेर पडायला वाट द्या. शेवटी फादर पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, धूप देतात आणि मग सगळे पेटीमागून बाहेर पडतात. दफनानंतर बहुतेकदा एखाद्या हॉटेलात जेवण असतं, तिथे घरचे थांबा म्हणाले तर सरळ जायचं, नको नको करत बसू नये.

कार्ड द्यायचं तर मास कार्ड द्या. पॅरिश ऑफिसमध्ये म्हणजे चर्चच्या ऑफिसात मिळतं, फादर त्यावर सही करतात, त्यांना थोडी दक्षिणा द्यायची असते, आणि गेलेल्या माणसासाठी मासमध्ये प्रार्थना होते. हे द्यायला आपण ख्रिश्चन असायला लागत नाही.

महिन्याभराने "मंथ्स माइंड" नावाचा मास असतो, आपल्या मासिक श्राद्धासारखा. तोवर गर्दी ओसरलेली असते, त्यामुळे माझ्या मते ओळख जवळची असेल आणि एकदाच जायला जमणार असेल तर त्याला जा, आणि नंतर चहा प्यायला थांबा, आईबद्दल मैत्रिणीला बोलू द्या.