सहावीचा ‘ध्वनी’ आणि तोंडी कामाचा रकाना

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी माझ्या वर्गात कमी ऐकू येणारी एक मुलगी होती. दोन्ही कानांना मशीन, उजवा कान त्यातल्या त्यात बरा. समोर बसून तिच्याकडे तोंड करून बोललं की तिला पुष्कळ कळायचं. तिच्यासाठी ‘ध्वनी’ हा पाठ बदलून शिकवणं काही फार अवघड गेलं नाही. खरी अडवणूक झाली ती गुण देताना, आणि तिचा राग अजून गेलेला नाही.

आधी बसण्याचं सांगते. ‘पहिल्या बाकावर बसवा’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अपुरा आहे. अगदी पुढे बसलेल्या मुलाला मागून कोण उत्तर देतंय ते दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही तर अर्धं बोलणं गेलंच. मी तिला दुसऱ्या ओळीत डाव्या भिंतीला बसवलं. त्यामुळे उजवा कान वर्गाकडे राहिला आणि मान वळवली की सगळे दिसायचे. आमच्या वर्गाच्या खिडक्या समुद्राच्या बाजूला आहेत. दुपारी मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले की तिला माझा चेहरा काळा दिसायचा, ओठ दिसायचेच नाहीत. म्हणून मी समोरच्या भिंतीशी उभी राहायला लागले, उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. मशीनला बोलणं नीट मिळतं ते साधारण एक-दोन मीटरच्या आत. अंतर दुप्पट झालं की आवाज बराच पडतो, आणि ओरडून तो भरून निघत नाही, उलट ओठांचा आकार बिघडतो.

पावसाळ्यात मात्र हे सगळं करूनही भागत नाही. पत्र्यावर सर कोसळायला लागली की मशीन पाऊसही मोठा करतं आणि बाईही. तेव्हा मी बोलणं थांबवून प्रयोग घ्यायचे आणि सर ओसरली की समजावायचे.

या पाठात तिला शिकवण्यासारखं खूप आहे, कारण ध्वनी म्हणजे कंपन आणि कंपन हाताला कळतं. शिमग्याचा ढोल आणला. एकाने वाजवायचा, बाकीच्यांनी चामड्यावर तळहात टेकवायचा. डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बसवला, त्यावर रवा पसरला आणि शेजारी ताट बडवलं. रवा उडताना तिने पाहिला आणि हात वर केला: “बाई, ताट डब्याला लागलं नाही, तरी रवा उडाला!” मधली हवा हे माध्यम, हा मुद्दा त्या दिवशी सगळ्या वर्गाला तिच्यामुळे मिळाला. बाकाला कान लावून टकटक ऐकायची कृती तिच्यासाठी तळहात टेकवून केली. पट्टी बाकाबाहेर जास्त काढली की सावकाश हलते, कमी काढली की भराभर, हे डोळ्यांनीच दिसतं.

आदल्या दिवशी तिला एक कागद दिला होता. त्यावर कंपन, माध्यम, स्रोत, पोकळी हे शब्द चित्रासह होते. नवा शब्द ओठांवरून ओळखता येत नाही. पान, भान, मान हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. शब्द आधी माहीत असेल तरच तो ओळखू येतो. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, लिहून झाल्यावर वळून बोलायचं. आणि ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. ती दर वेळी ‘हो’ म्हणते. त्याऐवजी “कंपन कुठे होतंय, बोट ठेवून दाखव” म्हटलं की कळलंय की नाही ते लगेच दिसतं.

आता चाचणी. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाचा रकाना असतो. ठरलेल्या प्रश्नांत बाईंनी पाठमोरं उभं राहून वस्तू वाजवायची आणि मुलांनी ती ओळखायची असं होतं. बाकीचे प्रश्न वाचून दाखवायचे आणि एका वाक्यात उत्तर घ्यायचं. यात त्या मुलीचं विज्ञान तपासलंच जात नव्हतं, तपासला जात होता तिचा कान. मी बदल सुचवला तर वरून उत्तर आलं, “सगळ्यांना एकच चाचणी. तिला वेगळी दिली तर दुसरे पालक विचारतील.” मग म्हणे लेखी आदेश आणा. मग म्हणे प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि ती जोडल्यावर म्हणे वर्ष संपत आलंय, आता कशाला. मुलगी मात्र रोज समोर बसत होती, आणि तिच्या रकान्यात शून्य मांडायचं की काय, एवढाच प्रश्न उरला होता.

शेवटी मी तोंडी बोलणं बंद केलं. एका कागदावर तीन रकाने आखले: मूळ प्रश्न, त्यातून काय तपासायचं आहे, आणि बदललेला प्रश्न. ‘आवाज ऐकून वस्तू ओळखा’ यात तपासायचं होतं ध्वनीचा स्रोत ओळखता येणं. तिच्यासाठी घंटा, तंबोरा, बासरी अशी चित्रं दिली आणि प्रत्येकात काय कंप पावतं ते दाखवायला सांगितलं. ‘पुढीलपैकी कोणत्या कारणामुळे पोकळीत ध्वनीचे प्रसारण होत नाही?’ याऐवजी ‘चंद्रावर हाक मारली. मित्राला ऐकू येत नाही. का?’ असं छोट्या वाक्यांत लिहून दिलं. काठिण्य तेच, फक्त भाषेचा अडसर काढला. तोंडी कामाऐवजी प्रात्यक्षिक घ्यावं आणि लेखीला जादा वेळ द्यावा, असं खाली लिहिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य बदल करणं आणि जादा वेळ देणं सांगितलं आहे, तेही नमूद केलं. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची सही घेतली आणि खाली विनंती केली, नकार असेल तर तो लेखी द्यावा. नकार लेखी द्यायला कोणी तयार नव्हतं. कागद मंजूर होऊन आला.

ज्यांना हे करायचंय त्यांनी हा तीन रकान्यांचा कागद सत्राच्या सुरुवातीलाच करावा. मधला रकाना सोडू नका, कारण ‘सोपं करून दिलं’ या आरोपाला तोच उत्तर देतो.

तपासतानाही एक जपावं लागतं. वाक्यातले प्रत्यय हळू उच्चारले जातात, ते तिला ऐकूच येत नाहीत, म्हणून लिहिण्यातही गळतात. तिने लिहिलं, “चंद्र हवा नाही. आवाज जायला रस्ता नाही.” आणि शेजारी दोन माणसं काढून मधल्या जागेवर फुली मारली. विज्ञानाचे पूर्ण गुण मी दिले. ‘चंद्रावर’ हे भाषेच्या तासाला पाहिलं.

एक राहिलं, खरं तर ते रोज सकाळी सगळ्यात आधी करायचं. तोंडासमोर कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स असे सहा आवाज काढायचे आणि तिने ते परत म्हणायचे. काल येणारा ‘स’ आज आला नाही तर मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे बहुतेकदा दमटपणाने नळीत पाण्याचा थेंब अडकलेला असतो, नाहीतर सेल संपलेला असतो. तिच्या आईला सांगून रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायला लावलं आणि दोन सेल माझ्या कपाटात ठेवले. या सेलवरचा स्टिकर आधी काढून ठेवू नका. स्टिकर निघाला की हवा लागून सेल सुरू होतो आणि न वापरताही उतरत जातो. काढल्यावर मिनिटभर थांबून मगच मशीनमध्ये घाला.