चष्म्याचा खिसा

डिचोलीचे एक काका मुलीकडे कॅनडाला निघाले होते. त्यांना पुढून बटणांचा स्वेटर हवा होता आणि उजव्या बाजूला चष्म्याच्या डबीचा खिसा. जुलैतल्या एका सकाळी ते माप बघायला आले. उजवा भाग सुईवरच होता, खिशाच्या वर वीसेक ओळी झाल्या होत्या. त्यांनी अंगाला लावून खिशात डबी टाकली, तशी खिशाची कड ओठासारखी पुढे लोंबली.

"बाय, हें असंच राहणार?"

मी नीट पाहिलं. चुका तीन होत्या, तिन्ही माझ्याच. कड मी अंगाच्याच आठ नंबरच्या सुयांवर विणली होती. अस्तराचे टाके खिशाइतकेच घेतल्यामुळे दोन्ही कोपऱ्यांत भोकं पडली होती. अस्तर अंदाजाने शिवलं होतं, ते वर जाताना एक टाका सरकलं होतं आणि पुढचा भाग तिथेच चुरगळत होता. पुन्हा शिवून हे लपलं असतं, पण कोपऱ्यातली भोकं वापरात वाढतात. काकांना बसवलं आणि त्यांच्यासमोरच खिशाच्या तोंडापर्यंत उसवलं.

पुढच्या भागावर ५७ टाके होते, त्यातले मधले २७ खिशाचे. या वेळी अस्तर २९ टाक्यांचं, ३६ ओळींचं विणलं. हे दोन जादा टाकेच कोपरे सांभाळतात. सुलट बाजूने १४ टाके विणले आणि पंधरावा अस्तराच्या पहिल्या टाक्याबरोबर एकत्र विणला. खिशाचे २७ पिनेवर उतरवून त्यांच्या जागी अस्तराचे मधले २७ विणले. अस्तराचा शेवटचा टाका पलीकडच्या पहिल्या टाक्याबरोबर एकत्र घेतला आणि उरलेले १४ विणले. मोजले, पुन्हा ५७. कोपऱ्याला बोट लावून बघितलं, आरपार जात नव्हतं.

वीस ओळी परत चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. मग पिनेवरचे २७ टाके दहा नंबरच्या सुयांवर घेतले. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. एक सुलट, एक उलट अशा सहा ओळी विणल्या. टाके विषम असल्याने दोन्ही टोकांना सुलट टाका आला. बंद करतानाही सुलटावर सुलट, उलटावर उलट विणतच बंद केले, कारण नुसते सुलट बंद केले की कड फाकते.

अस्तर शिवण्याआधी पांढरा दोरा घेतला आणि पंधराव्या टाक्याच्या उभ्या रांगेतून खालपर्यंत टाचला, दोन्ही बाजूंनी. मग त्या दोऱ्याला धरूनच, मागच्या गाठींची फक्त अर्धी लोकर उचलत शिवलं. दोन-चार टाक्यांनी उलटून बघत होते, पुढे काही दिसतंय का. कडेच्या दोन्ही बाजूही त्याच रांगेवर बसवल्या आणि शेवटी पांढरा दोरा ओढून काढला.

काका कधीच घरी गेले होते. त्यांची डबी मात्र मी ठेवून घेतली होती. ती खिशात टाकून स्वेटरचा भाग खांद्याकडून धरून हलवला. कड सरळ राहिली. ओलं फडकं ठेवून तो पिनांनी ताणून बसवला, पण पावसात वाळायला पंख्याखाली दोन दिवस लागले.